रस्ता तर सापडला, मग नेट स्लो का? जळगाव-धुळे लिंक तोडल्याच्या डेमोवर आलेले प्रश्न

हे एका प्रेझेंटेशनचं पूर्ण प्रकरण आहे. तिसऱ्या वर्षाच्या कॉम्प्युटरच्या चार पोरांनी विषय घेतलेला: पॅकेट राउटिंग, कंजेशन, आणि मधे काहीही तुटलं तरी इंटरनेट चालू कसं राहतं. मी त्यांच्या लॅबला आहे, म्हणून रिहर्सलला प्रश्न विचारायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या स्लाइड बघितल्या तर सगळीकडे एकच वाक्य फिरवून फिरवून लिहिलेलं होतं, "एक रस्ता बंद झाला की पॅकेट दुसऱ्या रस्त्याने जातात." वाक्य चुकीचं नाहीये, पण त्याच्यावर पहिला प्रश्न आला की पुढे काहीच उरत नाही. बाहेरून येणारे सर नेमकं तिथेच बोट ठेवणार हे दिसत होतं. म्हणून ठरवलं की स्लाइड बाजूला ठेवायच्या, एक लिंक खरोखर तोडून बघायची, आणि जे दिसेल त्याच्यातूनच प्रश्न काढायचे.

सेटअप एकाच लॅपटॉपवर केला. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस बनवता येतात, म्हणजे एकाच मशीनच्या पोटात वेगवेगळे राउटर. तीन राउटर बनवले आणि पोरांनी त्यांना नावं दिली जळगाव, धुळे आणि चाळीसगाव. जळगाव ते धुळे सरळ लिंक, एरंडोल-पारोळ्यावरून हायवे जातो तशी, १०० एमबीपीएस. दुसरा रस्ता जळगाव-चाळीसगाव-धुळे, रेल्वे जाते तसा, पण तो १० एमबीपीएसचा. जळगावच्या मागे एक कॉम्प्युटर, धुळ्याच्या मागे एक कॉम्प्युटर. राउटिंगसाठी एफआरआर नावाचं सॉफ्टवेअर टाकलं आणि त्यात ओएसपीएफ चालू केलं, म्हणजे राउटरनी आपसात बोलून रस्ता ठरवायचा प्रोटोकॉल. सरळ लिंकला कॉस्ट १०, चाळीसगावकडच्या दोन्ही तुकड्यांना प्रत्येकी ५०, म्हणजे फेऱ्याच्या रस्त्याची बेरीज १००. ओएसपीएफ कमी बेरजेचा रस्ता निवडतं, त्यामुळे सगळं ट्रॅफिक हायवेने. कॉस्टसाठी जळगावच्या राउटरवर एवढंच:

```
interface jal-dhu
 ip ospf network point-to-point
 ip ospf cost 10
interface jal-cha
 ip ospf network point-to-point
 ip ospf cost 50
```

चाळीसगावची लिंक १० एमबीपीएसला बांधली आणि तिच्या तोंडाशी रांगेसाठी १५ लाख बाइटची जागा दिली. पोरांचं म्हणणं होतं की जागा मोठी असली की पॅकेट पडणार नाहीत, तेवढंच चांगलं. मी तेव्हा काही बोलले नाही, ते पुढे दिसणारच होतं.

```
ip netns exec jalgaon tc qdisc replace dev jal-cha root handle 1: htb default 10
ip netns exec jalgaon tc class add dev jal-cha parent 1: classid 1:10 htb rate 10mbit
ip netns exec jalgaon tc qdisc add dev jal-cha parent 1:10 bfifo limit 1500000
```

सरळ लिंकवर रांग छोटी होती, ५० हजार बाइटची. एका खिडकीत पिंग, म्हणजे छोटं पॅकेट जाऊन उत्तर यायला किती वेळ लागतो ते, सेकंदाला एक. दुसऱ्या खिडकीत iperf3, जळगावहून धुळ्याकडे सतत डेटा. पिंग चार-पाच मिलिसेकंद आणि डेटा ९५ च्या आसपास. इथपर्यंत सगळे खूश.

आता तोडायची. पोरांनी आधी घरी करून बघितलं होतं ते असं:

```
ip netns exec jalgaon ip link set jal-dhu down
```

आणि असं केलं की पिंगला जेमतेम धक्का लागतो, एखादं उत्तर गेलं तर गेलं. स्लाइडवर त्यांनी लिहूनही टाकलं होतं, "नेटवर्क लगेच रस्ता बदलतं." मी विचारलं, हायवेच्या कडेला जेसीबीने केबल तोडली तर तुमच्या राउटरचा पोर्ट डाऊन होतो का? एकजण म्हणाला, "हो मॅडम, होणारच ना, केबल तुटली." पण तसं नेहमी होत नाही. राउटरची वायर बऱ्याचदा खोलीतल्याच एका स्विचला किंवा मीडिया कन्व्हर्टरला जाते, आणि फायबर त्याच्या पुढे असते. पारोळ्याजवळ फायबर तुटली तरी राउटर आणि त्या डब्यामधली दोन फुटांची वायर शाबूत असते, पोर्टचा दिवा हिरवा असतो आणि राउटरला वाटतं सगळं ठीक आहे. काही कन्व्हर्टर पलीकडची लिंक गेली की अलीकडचा पोर्टही पाडतात, पण ती सोय असेलच आणि चालू असेलच असं धरून चालता येत नाही. मग तशी मुकी तूट दाखवायची असेल तर पोर्ट चालू ठेवून पॅकेट गिळायला लावायचे, दोन्ही टोकांना:

```
ip netns exec jalgaon tc qdisc replace dev jal-dhu root netem loss 100%
ip netns exec dhule tc qdisc replace dev dhu-jal root netem loss 100%
```

हे चालवलं आणि पिंग थांबलं. पाच सेकंद, दहा सेकंद, वीस सेकंद, काही नाही. पोरं एकमेकांकडे बघायला लागली, मागे बसलेला एक सेकंड इयरवाला म्हणाला, "नेट गयं का भो?" आणि मग ३६ व्या सेकंदाला पिंग परत सुरू झालं. ट्रेसराउट करून बघितलं तर मधे आता चाळीसगाव दिसत होतं.

बाहेरचे सर पहिला प्रश्न हाच विचारणार, की ३६ च का. याचं उत्तर पाठ करायची गरज नाही, ते मोजून काढता येतं. ओएसपीएफमध्ये शेजारचे राउटर एकमेकांना दर १० सेकंदांनी हॅलो पाठवतात, आणि ४० सेकंद हॅलो आला नाही तरच शेजारी मेला असं धरतात. हे दोन्ही आकडे या प्रकारच्या लिंकला डिफॉल्ट असतात. घड्याळ चालू होतं शेवटचा हॅलो आला तेव्हापासून, केबल तुटली तेव्हापासून नाही. शेवटचा हॅलो तुटण्याच्या चार सेकंद आधी आला असेल तर ४० मधले चार आधीच संपलेले, उरले ३६. हॅलो तुटण्याच्या अगदी क्षणभर आधी आला असेल तर पूर्ण ४०, आणि पुढचा हॅलो येतच होता इतक्यात तुटलं तर ३० च्या आसपास. म्हणून दर वेळी डेमो केला की आकडा ३० ते ४० च्या मधे कुठेतरी येतो. एकदा शेजारी मेला हे कळलं की बाकीचं काम पटकन होतं, जळगाव आणि धुळे दोघंही "आमच्यातली लिंक गेली" असं सगळ्यांना कळवतात, प्रत्येक राउटर आपल्या नकाशावर नव्याने हिशोब करतो आणि १०० कॉस्टचा रस्ता टेबलात बसतो. तीन राउटरच्या नेटवर्कमध्ये हे डोळ्याला दिसतसुद्धा नाही. वेळ सगळा जातो तो तुटलंय हे कळण्यात, आणि नवीन रस्ता शोधायला त्यामानाने काहीच लागत नाही. स्लाइडवरचं "लगेच" खोडून पोरांनी तिथे हे लिहिलं आणि माझ्या मते अख्ख्या प्रेझेंटेशनमध्ये सगळ्यात कामाची दुरुस्ती तीच होती.

यावर जोडप्रश्न येतो, की मग ४० सेकंद ठेवता कशाला, एक सेकंद ठेवा. ठेवता येतं. बीएफडी नावाचा एक प्रोटोकॉल त्याच्यासाठीच आहे, एफआरआरमध्ये तो डिफॉल्टला ३०० मिलिसेकंदांनी छोटं पॅकेट पाठवतो आणि तीन चुकले की लिंक गेली म्हणतो, म्हणजे एका सेकंदाच्या आत. पण याला किंमत आहे. हॅलो काय किंवा बीएफडी काय, ही पॅकेटही त्याच वायरीवरून जातात. लिंक नुसती भरलेली असेल, तुटलेली नसेल, आणि ही छोटी पॅकेट डेटाच्या मागे रांगेत अडकली किंवा पडली, तर राउटर जिवंत लिंकला मेलेली समजणार. मग ट्रॅफिक दुसरीकडे, इकडची लिंक मोकळी, हॅलो परत येतात, ट्रॅफिक परत इकडे, लिंक परत भरते. याला लिंक फ्लॅप होणं म्हणतात आणि ४० सेकंद बंद राहण्यापेक्षा ते जास्त त्रासाचं असतं कारण दर वेळी सगळ्या राउटरना नव्याने हिशोब करावा लागतो. म्हणून मोठ्या राउटरवर अशा पॅकेटना रांगेत पुढची जागा देतात, आणि टायमर कमी करायचा असेल तर आधी ते करायचं.

आता दुसरी खिडकी. पिंग ३६ ला सुरू झालं, पण iperf3 अजून शून्यच दाखवत होता. ४०, ४५, शून्य. पोरांना वाटलं डेमो फसला, एकाने बंद करून परत चालवायला हात पुढे केला, त्याला थांबवलं. साधारण ५२ व्या सेकंदाला आकडे परत यायला लागले. रस्ता तयार असून डेटा १६ सेकंद बसून होता. हा प्रश्न फार कमी लोक विचारतात पण जो विचारेल त्याला नेटवर्क कळतं असं समजायचं.

कारण टीसीपीमध्ये आहे, म्हणजे टोकाच्या कॉम्प्युटरवर चालणारा, डेटा पूर्ण पोचवायची जबाबदारी घेणारा प्रोटोकॉल. पाठवलेल्या पॅकेटची पोच आली नाही की पाठवणारा थोडा वेळ थांबून ते परत पाठवतो. लिनक्समध्ये आपल्यासारख्या जवळच्या लिंकवर ही वाट बघायची वेळ ०.२ सेकंदाच्या जरा वर असते. परत पाठवूनही पोच नाही आली तर पुढची वाट दुप्पट, मग अजून दुप्पट. ०.२, ०.४, ०.८, १.६, ३.२, ६.४, १२.८, २५.६. यांची बेरीज करत गेलं की कळतं की एक प्रयत्न तुटल्यानंतर साधारण २५-२६ सेकंदांनी होतो आणि त्याच्या पुढचा एकदम ५१-५२ ला. २६ ला प्रयत्न झाला तेव्हा ओएसपीएफला अजून तूट कळलेलीच नव्हती, पॅकेट गेलं वाया. ३६ ला रस्ता उघडला पण टीसीपीला ते सांगणारं कुणी नाही, तो आपला ५२ ची वाट बघत होता. राउटर टीसीपीला कधीच कळवत नाही की रस्ता बदलला, आणि टीसीपीही राउटरला विचारत नाही. दोघांची ओळखच नाही म्हणा ना.

आणि हीच गोष्ट पोरांच्या विषयाचा गाभा आहे असं मला मनापासून वाटतं. ५२ सेकंद पूर्ण अंधार होता तरी डाउनलोड तुटलं नाही, जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. कारण कनेक्शनची आठवण मधल्या कुठल्याच राउटरमध्ये नव्हती. किती बाइट गेले, कितींची पोच आली, हे फक्त दोन टोकांच्या कॉम्प्युटरना माहीत होतं, आणि दोन्ही टोकांचे आयपी पत्ते बदलले नव्हते. राउटर फक्त प्रत्येक पॅकेटवरचा पत्ता बघतो आणि पुढे ढकलतो, आधीचं पॅकेट कुठून गेलं होतं याच्याशी त्याला घेणंदेणं नाही. आठवण मधे ठेवली असती तर जळगाव-धुळे लिंकबरोबर चालू असलेलं प्रत्येक काम मेलं असतं. लिनक्स डिफॉल्टला असं पंधरा मिनिटांच्या आसपास प्रयत्न करत राहतो आणि मगच हात टेकतो. मधलं ॲप आधीच कंटाळून बंद झालं तर गोष्ट वेगळी, ब्राउझर किंवा यूपीआयचं ॲप एवढं थांबत नाही, त्यामुळे माणसाला "फेल" दिसतं आणि खाली टीसीपी अजून जिवंत असतो.

तर ५२ नंतर डेटा सुरू झाला, iperf3 ९.५ एमबीपीएस दाखवायला लागला, १० च्या लिंकवर तेवढंच मिळणार. पण थोड्याच वेळात पिंग बिघडलं. आधी चार-पाच मिलिसेकंद होतं ते १०० झालं, ४०० झालं, आणि मग ८०० ते १२०० च्या मधे खालीवर करत राहिलं. पोरांपैकी एक म्हणाली, "मॅडम रस्ता तर मिळाला, मग हे काय?" बरोबर हाच तो प्रश्न, माझ्या शीर्षकातला.

तिला मी म्हटलं, रांगेचा हिशोब कर. १५ लाख बाइट म्हणजे १२० लाख बिट, म्हणजे १२ मेगाबिट. लिंक सेकंदाला १० मेगाबिट बाहेर काढते. रांग पूर्ण भरली तर शेवटी उभ्या राहिलेल्या पॅकेटला १.२ सेकंद थांबावं लागणार. पिंगचं छोटंसं पॅकेटही त्याच रांगेत. १२०० मिलिसेकंद तिथून आले. आणि ८०० कुठून? टीसीपी हळूहळू वेग वाढवत जातो जोपर्यंत एखादं पॅकेट पडत नाही. पडलं की लिनक्सचा नेहमीचा प्रकार, क्युबिक, आपली खिडकी, म्हणजे पोच येण्याआधी वाटेत ठेवायचा डेटा, सुमारे ७० टक्क्यांवर आणतो. इथे जवळजवळ सगळी खिडकी रांगेतच उभी असते, म्हणून रांगही १२०० वरून साधारण ८४० वर येते, परत वाढते, परत पडते. स्क्रीनवर जे करवतीच्या दातांसारखं दिसत होतं ते हेच.

म्हणजे मोठी जागा दिली म्हणून पॅकेट पडायचे वाचले नाहीत, फक्त उशिरा पडले, आणि तोपर्यंत सगळ्यांना सेकंदभर खोळंबा. टीसीपीला "आता हळू हो" हा निरोप पॅकेट पडूनच कळतो, तो निरोपच आपण मोठ्या रांगेने अडवून धरला होता. मग एक ओळ बदलली:

```
ip netns exec jalgaon tc qdisc replace dev jal-cha parent 1:10 fq_codel
```

हा प्रकार रांगेची लांबी बघत नाही, पॅकेट रांगेत किती वेळ उभं होतं ते बघतो. डिफॉल्टला ५ मिलिसेकंदांपेक्षा जास्त थांबणं १०० मिलिसेकंदभर चालूच राहिलं तर तो मुद्दाम पॅकेट टाकायला लागतो, आणि वेगवेगळ्या कनेक्शनना वेगळ्या रांगा देतो म्हणजे पिंग डाउनलोडच्या मागे अडकत नाही. पिंग २० मिलिसेकंदांच्या आत आलं आणि iperf3 तिथेच राहिला, ९.५ वर. लिंक तीच, डेटा तेवढाच, फक्त खोळंबा गेला. पोरांनी दोन्ही आलेख एकाखाली एक लावले आणि स्लाइडवर शब्द जवळजवळ काहीच ठेवले नाहीत. ते मला आवडलं, कारण तिथे बोलून जेवढं कळतं तेवढं लिहून कळत नाही.

यापुढचा प्रश्न सर नक्की विचारणार म्हणून आम्ही त्याच्यावर बराच वेळ घालवला. चाळीसगावची लिंक भरली हे ओएसपीएफला दिसत नाही का? समजा अजून एक रस्ता असता, अमळनेरवरून, कॉस्ट थोडी जास्त, तर अर्धं ट्रॅफिक तिकडे का नाही गेलं? उत्तर आहे की नाही दिसत, आणि मुद्दाम नाही दिसत. कॉस्ट हा आपण लिहून ठेवलेला आकडा आहे, लिंक रिकामी असो की तुडुंब, तो ५० च. दोन रस्त्यांची बेरीज अगदी सारखी असेल तर दोन्हीकडे वाटतं, पण गर्दी बघून वाटणी बदलत नाही. पूर्वी असं करून बघितलेलं आहे. इंटरनेटच्या आधीच्या अरपानेट या नेटवर्कमध्ये राउटर पॅकेटला लागणारा उशीर मोजायचे आणि तोच रस्त्याचा दर धरायचे. ऐकायला फार बरोबर वाटतं, पण गर्दी वाढली की सगळे राउटर एकदम भरलेल्या लिंकवरून रिकाम्या लिंकवर उडी मारायचे, ती भरायची, मग सगळे परत. दोन चांगल्या लिंक असून एका वेळी एकच वापरात. शेवटी १९८७ मध्ये तो दर असा बदलला की उशीर वाढला तरी दर ठरावीक मर्यादेपलीकडे आणि एकदम वाढणार नाही. त्यानंतरच्या ओएसपीएफमध्ये साधा ठरलेला आकडा आला. आजही मोठ्या कंपन्या गर्दी बघून ट्रॅफिक वळवतात, पण ते वरून, एका जागी बसून, सावकाश मोजून केलेलं असतं, प्रत्येक राउटरने क्षणाक्षणाला स्वतःच्या मनाने केलेलं नाही.

मग गर्दी कमी कोण करतं? टोकांवरचे कॉम्प्युटर, स्वतःहून. आणि ते केलं नाही तर काय होतं याचं खरं उदाहरण आहे. ऑक्टोबर १९८६ मध्ये लॉरेन्स बर्कली लॅब आणि बर्कली विद्यापीठ यांच्यात, अंतर ४०० यार्ड म्हणजे अर्धा किलोमीटरही नाही, नेटचा वेग सेकंदाला ३२ हजार बिटवरून ४० बिटवर आला. केबल तुटली नव्हती, राउटर चालू होते, रस्ता टेबलात होता. फक्त रांगा भरल्या होत्या, पोच उशिरा येत होती, आणि प्रत्येक कॉम्प्युटर पॅकेट हरवलं समजून तेच तेच परत पाठवत होता, त्यामुळे लिंकवर बहुतेक माल जुनाच फिरत होता. व्हॅन जेकबसन यांनी यावर जे उपाय १९८८ मध्ये मांडले, हळू सुरुवात करायची, पॅकेट पडलं की वेग कमी करायचा, पोच येण्याच्या वेळेचा नीट अंदाज ठेवायचा, तेच आपल्या डेमोत करवतीचे दात बनून दिसले. म्हणून "इंटरनेट का चालू राहतं" याचं उत्तर पोरांनी दोन तुकड्यांत द्यायचं ठरवलं. तुटलेल्या जागी राउटिंग वळसा घालतं, आणि वळशावर दाटी झाली की टोकाचे कॉम्प्युटर मागे सरतात. पहिलं असून दुसरं नसेल तर रस्ता असून उपयोग नाही, बर्कलीत झालं तेच.

जानेवारी २००८ मध्ये आपल्याकडे हे दोन्ही एकदम बघायला मिळालं होतं. इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्राखालच्या दोन केबल, सी-मी-वी ४ आणि फ्लॅग, एकाच दिवशी तुटल्या. भारतातून पश्चिमेकडे जाणारं बरंच ट्रॅफिक त्यांच्यावर होतं. देश नेटवरून गायब झाला नाही, ट्रॅफिक पूर्वेच्या बाजूने पॅसिफिकवरून वळलं, पण तो रस्ता लांब आणि त्याच्यावर आधीच गर्दी, म्हणून दिवसेंदिवस नेट कासवासारखं. आमच्या चाळीसगावच्या १० एमबीपीएसचंच मोठं रूप.

आता शेवटचा प्रश्न, जो मी स्वतः त्यांना विचारला आणि ज्याच्यावर त्यांच्याकडे काहीच नव्हतं. आमच्या कॉलेजला दोन कंपन्यांचं नेट आहे, मुद्दाम, एक गेलं तर दुसरं म्हणून. तरी हायवेच्या कडेला खोदकाम चालू होतं तेव्हा दोन्ही एकदम गेलं आणि दिवसभर आलं नाही. राउटर नीट होता, सेटिंग नीट होती, मग तुमची सगळी थिअरी कुठे गेली?

पोरं म्हणाली बीजीपी चुकला असेल. दोन कंपन्यांच्या नेटवर्कमधे एकमेकांना रस्ते कळवायला बीजीपी चालतो हे खरं, आणि तो ओएसपीएफपेक्षाही सावकाश असू शकतो, बऱ्याच राउटरवर शेजारी मेला हे ठरवायला डिफॉल्ट १८० सेकंद असतात. पण तीन मिनिटं आणि अख्खा दिवस यात फरक आहे. खरी गोष्ट साधी होती, दोन्ही कंपन्यांची फायबर एकाच चरातून जात होती. जेसीबीचा दात एकदाच लागला. राउटिंगच्या नकाशावर दोन लिंक होत्या, दोन वेगळी नावं, दोन वेगळे आयपी, आणि जमिनीत एकच नाली. ओएसपीएफ किंवा बीजीपीला नाली दिसण्याचा काही मार्गच नाही, त्यांच्या दृष्टीने लिंक म्हणजे दोन राउटरमधली एक रेघ. ट्रेसराउटने पण नाही कळत, ते फक्त मधले राउटर दाखवतं, केबल एरंडोलवरून गेली की पाचोऱ्यावरून ते नाही. पर्यायी रस्ता नसला की राउटिंग काही निर्माण करून देत नाही, आणि टीसीपी पंधरा मिनिटांनी हात टेकतो.

उलट बाजूही आहे, केबल एकही न तुटता सगळं जाणं. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक, व्हॉट्सॲप, इन्स्टा सहा तासांच्या आसपास बंद होतं, तेव्हा देखभालीच्या एका चुकीच्या कमांडने त्यांचं आतलं नेटवर्कच तुटलं आणि साइटच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या त्यांच्या डीएनएस सर्व्हरपर्यंतचा रस्ता त्या सर्व्हरनीच बीजीपीमधून मागे घेतला. बाकी इंटरनेटने तो निरोप इमानदारीने ऐकला आणि रस्ता पुसून टाकला. राउटर सांगितलेलं खरं मानतात, ते कुणी चुकून सांगितलं का हे तपासत बसत नाहीत. पण त्या सहा तासांत बाकीच्या साइट चालू होत्या, एवढं बोलून पोरांनी तो मुद्दा संपवायचा असं ठरलं, नाहीतर वेळ पुरत नाही.

नालीच्या प्रश्नावर मात्र त्यांनी एक स्लाइड वाढवली. डेमोमध्ये दोन्ही लिंक एकाच वेळी बंद केल्या, पिंग गेलं आणि परत आलं नाही, आणि शेजारी जमिनीवरचा नकाशा. सरांनी विचारलं की हे आधी कळणार कसं, तर उत्तर तयार ठेवलं: कंपनीकडून फायबर कुठून जाते त्याचा नकाशा लेखी मागायचा, दोन्ही नकाशे एकावर एक ठेवून बघायचे, विशेषतः कॉलेजच्या गेटपासूनचा पहिला तुकडा आणि नदीवरचे पूल, कारण वेगवेगळ्या कंपन्यांच्या केबल बऱ्याचदा तिथेच एकत्र येतात. नकाशा मिळत नसेल तर दुसरी लिंक फायबरची घ्यायचीच नाही, टॉवरवरून वायरलेस घ्यायची. वेग कमी मिळतो, म्हणून त्या लिंकवर आधीच fq_codel लावून ठेवायचं, आणि महिन्यातून एकदा मुख्य फायबर हाताने काढून किती सेकंदात वळतं ते घड्याळ लावून बघायचं. काढताना कन्व्हर्टरच्या पलीकडची फायबर काढायची, राउटरची वायर नाही, नाहीतर परत तेच "लगेच बदलतं" दिसेल.